कारखान्यात जीवघेणा अपघात झाल्यावर: पहिले तास, घरच्यांशी बोलणं आणि नंतरची चौकशी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मध्यम आकाराच्या कारखान्यांचे मालक, प्लांट हेड, एचआर आणि सुरक्षा अधिकारी पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. ते काल्पनिक आहे, पण अशा घटना एमआयडीसीत काम करणाऱ्यांना अनोळखी नाहीत.

एक रासायनिक कारखाना, १८० कामगार. शुक्रवारी दुपारी पावणेचारला ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, कलेक्शन टँकमधला पंप चोक होतो. टँक चार मीटर खोल, तळाशी गुडघाभर गाळ. कंत्राटदाराचा ३० वर्षांचा कामगार शिडीने खाली उतरतो, सक्शनजवळचा गाळ हलवतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. तिसऱ्याला ऑपरेटर धरून ठेवतो. पहिला कामगार वाचत नाही, दुसरा आयसीयूत आहे.

कायद्याबद्दल एक सूचना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि नियम व नमुने बदलत आहेत. त्यामुळे इथे फॉर्मचे क्रमांक दिलेले नाहीत. ते त्या दिवशी आपल्या सल्लागाराकडून पक्के करून घ्या.

१. अपघाताचा फोन आला. प्लांट हेड म्हणून पहिलं वाक्य काय बोलू?

"आत कोण आहे, आणि आणखी कोणी उतरतंय का?" हेच विचारा. कसं झालं, कोणामुळे झालं, काम कोणी सांगितलं, हे प्रश्न त्या क्षणी मनात येतात, पण त्यातला एकही प्रश्न कोणाचा जीव वाचवत नाही. उलट फोनवरचा माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो आणि मिनिटं जातात.

पुढचं वाक्य हुकमाचं: "एकालाही आत जाऊ देऊ नका, टँकच्या तोंडाशी दोन माणसं उभी करा." मग एमआयडीसी फायर स्टेशन आणि १०८. फायर स्टेशनला "आग नाही, टँकमध्ये माणसं बेशुद्ध आहेत, बहुतेक गॅस आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते श्वसनाचे एससीबीए सेट आणि ट्रायपॉड घेऊन निघतील. गेटवर एक माणूस उभा करा. मोठ्या प्लॉटमध्ये ईटीपी मागच्या कोपऱ्यात असते आणि ती शोधण्यातच गाडीचा वेळ जातो.

२. आपला माणूस डोळ्यांदेखत पडलाय आणि आपण उतरायचं नाही? हे माणुसकीला धरून आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण उत्तर ठाम आहे: श्वसनाचा सेट, हार्नेस आणि वर दोर धरणारा माणूस नसेल तर उतरायचं नाही. अमेरिकेच्या निओश या संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागेतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला होता की मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. आपल्या उदाहरणातला दुसरा कामगारही तसाच पडला.

कारण गॅसच्या स्वभावात आहे. गाळात सेंद्रिय पदार्थ कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं, आणि माणसाला वाटतं वास गेला म्हणजे गॅस गेला. ७०० ते १,००० पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला ओला रुमाल किंवा धुळीचा मास्क याला अजिबात उपयोगी नाही.

वरून करता येईल ते मात्र लगेच करा. ब्लोअर असेल तर त्याची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा ढकला. पडलेल्याच्या अंगात हार्नेस आणि दोर असेल तर ट्रायपॉडच्या विंचने वर ओढा. ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून टँकमध्ये सोडू नका, त्याने आगीचा धोका वाढतो. माणूस बाहेर आला की मोकळ्या हवेत न्या, गाळाचे कपडे काढा, श्वास नसेल तर छातीवर दाब सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०. श्वास द्यायचा तर अँबू बॅगने. तोंडाला तोंड लावलं तर देणाऱ्यालाही गॅसची बाधा होऊ शकते.

गाडीसोबत एका चिठ्ठीवर "हायड्रोजन सल्फाइडचा संशय, अंदाजे इतकी मिनिटं आत" असं लिहून पाठवा. डॉक्टरला ही माहिती पहिल्या पाच मिनिटांत हवी असते आणि सोबत गेलेला घाबरलेला माणूस ती विसरतो.

३. सगळे माझ्याकडेच धावतात. मी स्वतः काय करायचं आणि काय वाटून द्यायचं?

चार कामं चार माणसांना नावानिशी द्या. घटनास्थळ एकाकडे: आत कोणी जात नाही, काही हलत नाही. हॉस्पिटल आणि घरचे लोक दुसऱ्याकडे. सरकारी कळवणी तिसऱ्याकडे. चौथा फक्त नोंद ठेवतो: किती वाजता काय झालं, कोण आलं, कोणी काय सांगितलं. हे चौथं काम बहुतेक ठिकाणी कोणालाच दिलं जात नाही. मग आठवड्याने "फायर ब्रिगेडला फोन किती वाजता केला?" याची तीन उत्तरं मिळतात. एक वही आणि घड्याळ पुरे.

तुम्ही स्वतः हेडकाउंट पूर्ण झालाय याची खात्री करा. शिफ्टचं मस्टर, कंत्राटदाराचं हजेरीपुस्तक आणि गेटचं रजिस्टर या तिन्हींशी माणसं जुळवा. कंत्राटी माणसं एका यादीत असतात, दुसरीत नसतात. आणखी कोणी आत राहिलं असेल तर ते इथेच कळतं. त्यानंतर तुमची जागा हॉस्पिटलमध्ये आहे, ऑफिसात नाही.

४. कोणाकोणाला कळवायचं आणि किती वेळात?

मृत्यू किंवा जीवघेणी दुखापत असेल तर वाट बघायचीच नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे आपण ज्याला डिश म्हणतो, तिथल्या अधिकाऱ्याला फोन करा आणि मेलही करा. जवळचं पोलीस ठाणं आणि उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा प्रशासन यांनाही कळवा. विहित नमुन्यातला लेखी अहवाल पाठोपाठ जातो. ४८ तासांची जी मुदत लोकांच्या डोक्यात असते ती कामावरून ४८ तासांपेक्षा जास्त गैरहजर ठेवणाऱ्या दुखापतींच्या संदर्भातली आहे. मृत्यूच्या बाबतीत तिचा आधार घेऊ नका. कळवायच्या यादीत नातेवाईकही येतात, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते.

याशिवाय ईएसआयसी पोर्टलवर अपघात अहवाल भरा, आणि विमा असेल तर विमा कंपनीला कळवा. पहिल्या कळवणीत फक्त माहीत असलेलं लिहा: वेळ, जागा, माणसं, सध्याची स्थिती. कारणाच्या रकान्यात "चौकशी सुरू आहे" लिहा. घाईत "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" असं लिहून दिलेलं वाक्य पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक फाइलीत फिरत राहतं.

५. ईटीपी बंद म्हणजे प्लांट बंद. साफसफाई करून रात्री चालू केलं तर?

नाही. घटनास्थळ पोलिसांचा पंचनामा आणि डिशच्या अधिकाऱ्याची पाहणी होईपर्यंत जसंच्या तसं राहिलं पाहिजे. सुटकेसाठी काही हलवावं लागलंच तर आधी मोबाइलवर फोटो काढा, काय कुठून कुठे हलवलं ते वहीत लिहा.

ईटीपी बंद असताना सांडपाणी तयार करणारी प्रक्रिया चालू ठेवली तर टाक्या भरतात, आणि मग मध्यरात्री कोणीतरी त्याच टँकवर दुसरा पंप लावायला जातो. दुसरा अपघात असा होतो. म्हणून चालू बॅच सुरक्षित टप्प्यावर आणून थांबवा आणि नवी बॅच घेऊ नका. निर्णय तुमच्या सहीने लेखी द्या. शिफ्ट इनचार्जवर सोडला तर त्याला उत्पादनाचं दडपण पेलत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळालाही परिस्थिती कळवून ठेवा.

६. घरच्यांना कोणी सांगायचं आणि नेमकं काय?

कारखान्यातला सगळ्यात वरचा उपलब्ध माणूस, आणि त्याच्यासोबत कामगाराच्या ओळखीचा एक सहकारी. घर तासाभराच्या अंतरावर असेल तर प्रत्यक्ष जा. कंत्राटदाराच्या मुकादमावर हे काम सोपवू नका. तो स्वतः घाबरलेला असतो आणि बहुधा काहीतरी लपवतो.

वेळेचा प्रश्न अवघड आहे. सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी दहा-पंधरा मिनिटांत गावात पोहोचते. म्हणून सगळं कळेपर्यंत थांबायचं नाही. पहिला फोन अपघात झाला आणि हॉस्पिटलला नेलं एवढ्यासाठीच करा. बोलणं असं असू शकतं:

"वहिनी, मी कारखान्यातून बोलतोय, मी तिथला मॅनेजर. तुमच्याजवळ घरातलं कोणी आहे का? यांना कामावर अपघात झालाय. टाकीत गॅसमुळे बेशुद्ध पडले. सिव्हिल हॉस्पिटलला नेलंय, तब्येत खूप गंभीर आहे. तुम्हाला आणायला गाडी निघाली आहे, ड्रायव्हरचा नंबर पाठवतो. मी स्वतः हॉस्पिटलमध्ये भेटतो."

यात चार गोष्टी आहेत: मी कोण, काय झालं, कुठे आहेत, पुढे काय. "काळजी करू नका, काही होणार नाही" हे वाक्य यात नाही, कारण ते तुम्हाला माहीत नाही. नंबर मात्र तुमचा स्वतःचा द्या आणि तो उचला.

७. मृत्यू झालाय, पण प्रवासात धक्का बसेल म्हणून "सिरियस आहे, लगेच या" सांगितलं तर चालेल ना?

ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती मायेपोटीच आलेली आहे. तरीही नियम दोन भागांत पाळा.

डॉक्टरांनी मृत घोषित करेपर्यंत तुम्ही तो शब्द उच्चारायचा नाही. टँकमधून काढताना माणूस गेलेला दिसत असला तरी ते ठरवणं डॉक्टरचं काम आहे. पण घोषित झाल्यावर, आणि समोरच्याने "खरं सांगा, आहेत ना?" असं सरळ विचारल्यावर, खोटं बोलायचं नाही. पत्नी एकटी बसमध्ये असेल तर तिच्या भावाला किंवा दिराला आधी सांगा, त्याला तिच्यापर्यंत पोहोचवा आणि मग त्यानेच सांगू दे. सहा तास खोट्या आशेवर प्रवास करून शवागाराच्या दारात पोहोचलेली बाई पुढे तुमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नाही. भरपाई किंवा कारण याबद्दल तुम्ही खरं सांगत असाल तरीही.

प्रत्यक्ष सांगताना शब्द स्पष्ट ठेवा. "ते गेले. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण वाचवता आलं नाही." मग गप्प बसा. रडणं, आरडाओरडा, तुमच्यावर राग, सगळं ऐकून घ्या. त्या पहिल्या तासात पैशाचा, नोकरीचा किंवा कागदपत्रांचा विषय तुमच्याकडून काढू नका.

८. कुटुंब झारखंड किंवा उत्तर प्रदेशात आहे. मग?

प्रश्न ६ मधलंच, पण आधी एक शोध लागतो: आधारवरचा नंबर आणि पत्ता अनेकदा जुना असतो. त्याच्यासोबत खोलीवर राहणाऱ्यांना विचारा. घरी कोणाचा फोन लागतो, कोण समंजस आहे, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस फोनवर घ्या. कुटुंब येईपर्यंत मृतदेह शवागारात ठेवायचा की गावी पाठवायचा, हे त्यांना विचारून ठरवा. तिकिटं, राहणं आणि मृतदेह नेण्याचा खर्च कारखान्याने उचलावा. हा खर्च भरपाईतून वजा करू नये.

९. हॉस्पिटलमध्ये पुढे काय होतं? नातेवाईक "मृतदेह ताब्यात घेणार नाही" म्हणाले तर?

हॉस्पिटल ही मेडिको-लीगल केस म्हणून नोंदवतं. पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात, सरकारी रुग्णालयात पीएम होतं. संध्याकाळ झाली असेल तर ते दुसऱ्या सकाळवर जाऊ शकतं. गॅसच्या प्रकरणात डॉक्टर बहुधा व्हिसेरा तपासणीसाठी राखून ठेवतात आणि मृत्यूचं अंतिम कारण नंतर येतं. घरच्यांना हे त्याच दिवशी समजावून सांगा, नाहीतर पुढे कागद रखडले की त्यांना वाटतं तुम्हीच अडवलेत.

मृतदेह नाकारणं हा बहुतेक वेळा ठोस आश्वासनाचा आग्रह असतो. आवारात गर्दी जमते, गावचे पुढारी, संघटनेचे लोक येतात. इथे तीन चुका नेहमी होतात. मालक समोर येत नाही आणि एचआरमधल्या मुलाला पाठवतो. पोलिसांच्या मदतीने दडपण आणायचा प्रयत्न होतो. किंवा घाबरून तोंडी मोठा आकडा कबूल केला जातो आणि महिन्याने नाकारला जातो.

कुटुंबाने निवडलेल्या दोन-तीन माणसांसोबत बंद खोलीत बसा. कायद्याने काय मिळणार ते वेगळं आणि कारखाना स्वतःहून काय देणार ते वेगळं, असं लेटरहेडवर लिहा, सही-शिक्का करा, एक प्रत पत्नीच्या हातात द्या. तिच्याच हातात. पुढाऱ्याच्या नाही.

आणि त्या खोलीत तिची कुठल्याही कागदावर सही घेऊ नका. "आमची कोणतीही तक्रार नाही" असा कागद कायद्यापुढे टिकत नाही आणि माणुसकीपुढे तर नाहीच.

१०. कुटुंबाला नेमके किती पैसे मिळतात?

रस्ता दोनपैकी एक असतो. कामगार ईएसआयमध्ये असेल, म्हणजे वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आणि त्याची नोंदणी झालेली, तर ईएसआय महामंडळ अवलंबितांना दरमहा लाभ देतं. तो सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के असतो. आपल्या उदाहरणातल्या कामगाराचं वेतन १५,००० धरलं तर साधारण १३,५०० रुपये महिना, पत्नी आणि मुलांमध्ये विभागून. शिवाय अंत्यविधीसाठी १५,००० पर्यंत. कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो.

ईएसआय लागू नसेल तर भरपाई मालक देतो. १९२३ च्या कायद्यातलं सूत्र नव्या संहितेतही तेच आहे: मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा घटक. २०२० पासून गणितासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० धरलं जातं आणि ३० व्या वर्षाचा घटक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये. मृत्यूची ही रक्कम थेट घरच्यांच्या हातात न देता सक्षम अधिकाऱ्याकडे भरायची असते. तो ती वाटून देतो. परस्पर दिलेला चेक भरपाई म्हणून मोजला जात नाही. महिन्याभरात भरली नाही तर व्याज लागतं, आणि उशिराला कारण नसेल तर दंडही.

दोन्ही बाबतीत पीएफ सदस्य असेल तर ईडीएलआय विमा वेगळा, सलग वर्षभर नोकरी झालेली असेल तर किमान अडीच लाख आणि कमाल ७ लाख. पीएफ पेन्शनही पाहा. कागद गोळा करायला एचआरचा एक माणूस कुटुंबाला नेमून द्या. मृत्यूचा दाखला, वारस, बँक खातं, आधारवरच्या नावांतला फरक, यातच विधवेचे महिने जातात.

११. कामगार कंत्राटदाराचा आहे. मग जबाबदारी त्याचीच ना?

नाही. भरपाई मुख्य मालकाकडून वसूल करता येते. तुम्ही ती नंतर कंत्राटदाराकडून मागू शकता, पण कुटुंबाला त्यासाठी थांबवता येत नाही. आणि तुमच्या आवारात, तुमच्या टँकमध्ये झालेल्या अपघाताची सुरक्षेची जबाबदारी ऑक्युपायर आणि मॅनेजर यांच्यावर येते.

अडचणीची गोष्ट वेगळीच असते: अपघातानंतर कळतं की कंत्राटदाराने त्याची ईएसआय नोंदणीच केली नव्हती. त्या संध्याकाळी घाईने नोंदणी करायचा मोह होतो. पोर्टलवर वेळ नोंदवली जाते आणि ही गोष्ट लपत नाही. खरी रुजू तारीख हजेरी आणि पगारपत्रकाच्या पुराव्यासह ईएसआय कार्यालयाला सांगा, वकिलाचा सल्ला घ्या, आणि तोवर कुटुंबाचा महिन्याचा खर्च स्वतः चालू ठेवा.

१२. वकील सांगतात काहीच बोलू नका, माफी तर मुळीच मागू नका.

वकिलाची काळजी रास्त आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण "कारणाबद्दल बोलू नका" आणि "कुटुंबाशी बोलू नका" यात मोठा फरक आहे, आणि घाबरलेला मालक दुसरंच ऐकतो. दुःख व्यक्त करा, काय घडलं त्यातलं पक्कं माहीत असलेलं सांगा, चौकशीनंतर कारण तुम्हाला आम्हीच सांगू असा शब्द द्या. दोष कोणाचा यावर मत देऊ नका. यावर वकिलाशी अर्धा तास बसा, तो बहुधा मान्य करतो. पत्रकारांनाही हेच, आणि मृताचं नाव कुटुंबाला कळल्याशिवाय द्यायचं नाही.

१३. उतरण्याचा परमिट काढलाच नव्हता. आता काढून ठेवावा का?

नाही. सगळ्यात मोठं संकट इथून सुरू होतं आणि बहुतेकदा वरिष्ठ काही न सांगताच खालचे लोक "साहेबांसाठी" हे करून ठेवतात. म्हणून पहिल्या तासातच सगळ्यांसमोर सांगा: एकही कागद मागच्या तारखेने भरायचा नाही, काही फाडायचं नाही. परमिटबुक, गॅस मीटर, शिफ्ट लॉग, प्रशिक्षणाची नोंद एका कपाटात ठेवून दोघांच्या सहीने सील करा. सीसीटीव्हीची हार्ड डिस्क ठरावीक दिवसांनी स्वतःवरच लिहिते, म्हणून चित्रण त्याच रात्री वेगळं काढा.

परमिट नसणं हा दोष आहे. खोटा परमिट हा वेगळा गुन्हा आहे. त्यावरचा मीटरचा आकडा, सहीची वेळ आणि सीसीटीव्ही जुळत नाहीत. सही करायला लावलेला ऑपरेटर चौकशीत ते सांगून टाकतो, आणि त्याने सांगावंच.

१४. आमची अंतर्गत चौकशी कोणी करायची? डिश करतेच ना?

डिशची चौकशी कायदा मोडला का ते पाहते. तुमची चौकशी पुन्हा घडू नये म्हणून असते. ती ईटीपी किंवा देखभाल विभागाच्या प्रमुखाकडे देऊ नका, त्याचेच निर्णय तपासायचे आहेत. दुसऱ्या युनिटचा अनुभवी माणूस, एक कामगार प्रतिनिधी आणि जमल्यास बाहेरचा तज्ज्ञ असे तिघे पुरेत.

साक्षीदारांशी पहिल्या दोन दिवसांत, एकेकट्याने बोला. "का केलंस?" ऐवजी "त्या दिवशी दुपारी जेवणानंतर काय काय झालं, सांग" असं सुरू करा. मग उलट दिशेने जा. आपल्या उदाहरणात ती वाट अशी निघते.

कामगार का उतरला? पंप चोक झाला होता. पंप का चोक होतो? इनलेटवरची जाळी गंजून तुटली होती, चिंध्या आणि गाळ आत येत होता. जाळी का बदलली नाही? खरेदीची मागणी सात महिने "उत्पादनाशी संबंधित नाही" म्हणून मागे पडत होती. म्हणजे लोक याआधीही उतरत होते? हो, दर पंधरवड्याला, आणि काही होत नव्हतं म्हणून ते नित्याचं झालं होतं. गॅस मीटर? जनरल शिफ्टच्या कपाटात, किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याकडे, तो त्या दुपारी सुट्टीवर. कंत्राटदाराला पैसे कसे मिळत? पंप चालू करून दिला की नगावर. थांबून मीटर मागवणाऱ्याचं नुकसानच होतं.

एक बारकावा सुटू देऊ नका. समजा मीटर लावला असता आणि तोंडाशी आकडा ठीक आला असता, तरीही माणूस मेला असता. गॅस गाळात अडकलेला असतो आणि गाळ ढवळला की सुटतो. म्हणून उतरण्यापूर्वीची एक तपासणी पुरत नाही, अंगावर सतत चालणारा मीटर लागतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी बाहेर.

१५. पण त्याने स्वतःच बेल्ट लावला नाही. ही कामगाराची चूक नाही का?

बेल्ट लावला नाही हे खरं असेल तर अहवालात ते लिहा. पण तिथे थांबलात तर चौकशी झालीच नाही. बेल्ट जागेवर होता का, त्याच्या मापाचा होता का, दोर धरायला दुसरा माणूस दिला होता का, याआधी बेल्टशिवाय उतरताना कोणी पाहिलं आणि थांबवलं का? प्रश्न १४ मधली साखळी बघा: त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तर तोही उतरला असता. शिवाय कामगाराने नियम मोडला म्हणून मृत्यूची भरपाई टळत नाही. आणि गेलेल्या माणसावर दोष ठेवणारी नोटीस फलकावर लावली की बाकीचे पुढच्या धोक्याबद्दल तोंड उघडत नाहीत.

१६. बाकीच्या कामगारांना कधी आणि काय सांगायचं?

त्याच दिवशी, शिफ्ट सुटायच्या आत, तुम्ही स्वतः. पाच मिनिटं पुरतात. घटनेचे व्हिडिओ पुढे पाठवू नका असं सांगताना कारणही सांगा: त्याच्या मुलांपर्यंत ते पोहोचतील. तिसऱ्याला धरून ठेवणारा ऑपरेटर आणि टँकच्या तोंडाशी असलेले दोघं यांच्याकडे विशेष लक्ष द्या. त्यांना झोप लागत नाही, ते स्वतःला दोष देतात. त्यांना काही दिवस दुसऱ्या कामावर घ्या, घरी एकटं पाठवू नका, आणि दोन-तीन आठवड्यांनीही त्रास कमी झाला नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे कारखान्याच्या खर्चाने न्या. त्या ऑपरेटरला कोणीतरी सांगायला हवं की त्याने एक जीव वाचवला.

१७. जखमी कामगार बाराव्या दिवशी दगावला. पुन्हा कळवायचं का?

हो. आधी दुखापत म्हणून कळवलेल्या प्रकरणात नंतर मृत्यू झाला तर डिश, पोलीस आणि ईएसआयला तो नव्याने कळवावा लागतो. कुटुंबाच्या बाबतीत प्रश्न ६ ते ९ पुन्हा सुरुवातीपासून. दुसऱ्या वेळी कारखान्याची धावपळ ओसरलेली असते, म्हणून दुसऱ्या घराला पहिल्यापेक्षा कमी मिळतं: कमी गाड्या, कमी माणसं, कमी भेटी. घरच्यांच्या हे लगेच लक्षात येतं.

१८. कामावर हार्ट अटॅक आला किंवा घरी जाताना गाडीवर अपघात झाला, तर हेच सगळं लागू होतं का?

येता-जाताचा अपघात, वेळ, जागा आणि कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचा मानला जाऊ शकतो. हार्ट अटॅकमध्ये कामाच्या ताणाशी किंवा उष्णतेशी संबंध होता का यावर ठरतं. तुम्ही स्वतः "हे आमच्याकडचं नाही" असा निकाल देऊ नका. कळवा, नोंदी जपा, ठरवणाऱ्याला ठरवू द्या. कुटुंबाशी वागणं मात्र प्रश्न ६ प्रमाणेच, कारण त्यांच्यासाठी माणूस कामावरून परत आलेला नाही.

१९. अहवाल झाला, शिफारशी झाल्या. खरंच काही बदललंय हे कसं ओळखू?

शिफारशी वाचा. "कामगारांना प्रशिक्षण द्यावे, परमिट काटेकोर पाळावा" एवढंच असेल तर काही बदललेलं नाही. उदाहरणातला खरा बदल असा आहे: माणसाने उतरायचं कारणच काढून टाका. गाइड रेलवर बसणारा सबमर्सिबल पंप लावा, चोक झाला की साखळीने वर ओढून बाहेर साफ करा. इनलेटला धातूची जाळी आणि ती वरून उपसायची सोय करा. मॅनहोलला कुलूप, किल्ली परमिटसोबतच. क्वचित उतरावं लागलंच तर मीटर, ट्रायपॉड आणि श्वसनाचे सेट ईटीपीजवळच्या कपाटात, प्रत्येक शिफ्टला उघडता येतील असे. कंत्राटात नगावरचे पैसे बंद, कामाच्या तासांवर सुरू.

मग तीन महिन्यांनी, न सांगता, रात्रपाळीत जा. ऑपरेटरला म्हणा, "समजा पंप आत्ता चोक झाला, काय करशील ते दाखव." त्याने साखळीला हात घातला तर बदल झालाय. त्याने शिडी शोधली तर नाही.

अहवालाचा साध्या मराठीतला सारांश घेऊन कुटुंबाकडे जा. प्रश्न १२ मध्ये दिलेला शब्द तो हाच. वकिलाने काही भाग थांबवला असेल तर तसं सांगा, पण काय बदललं ते पूर्ण सांगा. पत्नी बहुधा एकच विचारते: त्यांना त्रास झाला का? डॉक्टरांशी आधी बोलून, खरं उत्तर घेऊन जा.